पोळीभाजी केंद्र आणि चार पी : आमच्या मार्केटिंग प्रोजेक्टच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज मॅडमनी असाइनमेंट दिली. आपल्या भागातला एखादा छोटा खाण्याचा धंदा घ्यायचा आणि त्याला चार पी लावून दाखवायचे, म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. मॅककार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली ही विभागणी आम्ही पहिल्या सेमिस्टरपासून पाठ करतोय पण खऱ्या दुकानाला लावून कधीच बघितली नाहीये. सबमिशन ५ फेब्रुवारीला. ग्रुपमध्ये आम्ही तिघं आहोत, मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि एक मित्र ज्याच्याकडे बरा कॅमेरा आहे.

मित्राचं म्हणणं कॅफे घेऊ, फोटो छान येतील. मी म्हटलं आमच्या गल्लीतलं पोळीभाजी केंद्र घेऊया. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, काकू स्वतः चालवतात आणि आई लोकलने घरी येताना आठवड्यातून तीन दिवस तरी तिथूनच पोळ्या घेऊन येते. डोंबिवलीत राहणाऱ्याला पोळीभाजी केंद्र म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण त्याचा हिशोब कसा चालतो ते मला तरी अजिबात माहीत नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी तीनला गेलो, कारण चारनंतर काकूंना बोलायला वेळ नसतो. गाळा लहान आहे, पुढे काउंटर, मागे तीन शेगड्या. दोन मावश्या आहेत, एक लाटतात एक भाजतात. भाज्या काकू स्वतः करतात, सकाळी चिरून ठेवतात आणि पाचच्या आत दोन सुक्या, एक उसळ तयार. नंतर काकू काउंटरवर उभ्या राहतात ते रात्री साडेनऊपर्यंत, पोळ्या मोजणं, भाजी वजन करणं, बांधणं, पैसे घेणं सगळं त्यांच्याकडे. रविवारी बंद.

मी वहीत लिहिलं होतं, प्रॉडक्ट : घडीची पोळी, भाकरी, भाजी, उसळ. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं पोळी काय घरी पण होते. माझ्याकडे येतात ते सात-पावणेआठला पोळी गरम मिळते म्हणून येतात. सकाळी अकराला ठेवली तर कोण घेईल माझी पोळी?"

त्या एका वाक्याने आमचं पहिलं पान बदललं. प्रॉडक्टमध्ये आता आम्ही वेळ पण लिहिलीये.

१० जानेवारी, शुक्रवार

आज संध्याकाळी पाच ते साडेनऊ बाहेर कट्ट्यावर बसून मोजलं. मैत्रीण आलेली माणसं मोजत होती, मी किती पोळ्या गेल्या ते लिहीत होते आणि मित्राला काम दिलं होतं की जे येऊन बघून तसेच परत जातात त्यांच्या रेघा मारायच्या. हे तिसरं काम त्याला आधी फालतू वाटलं होतं.

आकडे असे आले. पाच ते सात ३० गिऱ्हाईकं, १५० पोळ्या. सात ते आठ या एका तासात ५५ जण आले पण पोळ्या मिळाल्या ३८ जणांना, १९० पोळ्या, उरलेले १७ जण परत गेले. आठनंतर १८ गिऱ्हाईकं, ७५ पोळ्या. एकूण विक्री ४१५. आणि साडेनऊला डब्यात २२ पोळ्या शिल्लक, त्या मावश्या घरी घेऊन गेल्या.

म्हणजे पावणेआठला पोळी नाही म्हणून लोक परत जातायत आणि त्याच रात्री पोळ्या उरतायत. मला आधी वाटलं आपलंच मोजायचं चुकलं. काकूंना विचारलं तर त्यांना उरलेल्या २२ बरोबर माहीत होत्या, परत गेलेले १७ माहीतच नव्हते कारण त्या तेव्हा मान खाली घालून पोळ्या मोजत असतात.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

आज बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. आम्हाला वाटलं सणाला पोळ्यांची बोंब असेल पण खरी गंमत उद्याच्या गुळपोळीची आहे. काकू गेले चार दिवस दुपारी बारा ते तीन गुळपोळ्या करतायत, ३५ रुपयाला एक. दुपारी तवा रिकामाच असतो, मावश्या लवकर येतात, आणि गुळपोळी आठ-दहा दिवस टिकते त्यामुळे ती गुरुवारी केली काय आणि सोमवारी विकली काय, फरक पडत नाही.

साध्या पोळीचं तसं नाही. ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर दोन-तीन तास चांगली मऊ राहते, नंतर घाम येऊन खालच्या ओल्या होतात आणि वरच्या कडा कडक होतात. काकू चारच्या आत पहिली पोळी टाकतच नाहीत. एकाच दुकानातली दोन प्रॉडक्ट पण एक साठवता येतं, दुसरं येत नाही, आणि त्याच्यावरून बाकीचे तिन्ही पी बदलतात हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

आज प्राइस. काकूंची पोळी १० रुपयाला आहे. एका पोळीला खर्च किती हे त्यांनी कधी कागदावर मांडलं नव्हतं, पण महिन्याच्या शेवटी हातात काय राहतं ते त्यांना पक्कं माहीत. आम्ही एकत्र बसून मांडलं.

दळून आणलेलं पीठ त्यांना ४४ रुपये किलो पडतं आणि एका किलोत साधारण ३२ पोळ्या होतात, म्हणजे पोळीमागे १ रुपया ४० पैसे. तेल, कणकेतलं, घडीतलं आणि वरून लावायचं धरून ४५ पैसे. गॅस ७० पैसे. दोन्ही मावश्यांना मिळून पोळीमागे अडीच रुपये, त्या नगावर काम करतात. कागद-पिशवी ३० पैसे. इथपर्यंत ५ रुपये ३५ पैसे झाले आणि हा खर्च पोळी केली तरच होतो. गाळ्याचं भाडं-लाइट महिन्याला १४ हजार, त्यातलं निम्मं भाजीवर टाकलं, उरलेले सात हजार महिन्याच्या साधारण १०,८०० पोळ्यांवर वाटले तर ६५ पैसे. बेरीज बरोबर सहा रुपये.

मित्र म्हणाला वा, पोळीमागे चार रुपये नफा! मी पण तेच लिहिणार होते. मैत्रिणीने विचारलं, यात काकूंची मजुरी कुठे आहे? कुठेच नाहीये. सकाळी भाजी चिरण्यापासून रात्री ओटा धुण्यापर्यंत दहा-अकरा तास त्या उभ्या असतात आणि आम्ही त्या वेळेची किंमत शून्य धरली होती. त्या चार रुपयांत काकूंचा पगार पण आहे. आम्ही रिपोर्टमध्ये 'नफा' हा शब्द खोडून 'काकूंच्या हातात राहणारे पैसे' असं लिहिलंय. मॅडमना चाललं तर चाललं, पण मला हे नीट लिहिणं महत्त्वाचं वाटतं.

परत गेलेल्या १७ जणांचा हिशोब पण केला. सरासरी पाच पोळ्या धरल्या तर ८५ पोळ्या. भाडं तर तसंही भरायचंच आहे, त्यामुळे जास्तीच्या पोळीमागे १० वजा ५.३५ म्हणजे ४ रुपये ६५ पैसे हातात येतात. ८५ गुणिले तेवढे, साधारण ३९५ रुपये. रोजचे.

१७ जानेवारी, शुक्रवार, संकष्टी

परत मोजायला बसलो आणि आकडे पूर्ण वेगळे. सात ते आठमध्ये ३४ जणच आले, एकही परत गेला नाही. आम्ही चक्रावलो. मग नऊनंतर जी गर्दी झाली! चंद्रोदय आज नऊनंतर होता, उपास सोडायला लोक तेव्हा आले. काकूंनी कणीकच आज उशिरा आणि दोनदा मळायला लावली होती, तवा पावणेदहापर्यंत चालू होता. त्यांचं फोरकास्टिंग म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, कुठल्या रविवारी मेगाब्लॉक आहे म्हणून शनिवारीच कोण जास्त नेऊन ठेवेल, सगळं त्यावर पेनाने खुणा करून ठेवलंय.

एक धडा घेतला की कुठल्या दिवशी मोजलं ते आकड्याशेजारी लिहायचंच. आम्ही जर पहिल्यांदा संकष्टीलाच मोजलं असतं तर परत जाणारी माणसं आम्हाला दिसलीच नसती.

१८ जानेवारी, शनिवार

ग्रुपमध्ये जोरात वाद. मित्राने मस्त रील बनवलंय, पोळी तव्यावर फुगतेय, वाफ, काकू हसतायत, खरंच छान झालंय. त्याला ते आजच टाकायचं होतं आणि सोबत पहिल्या ऑर्डरवर दहा टक्के सूट. मी म्हटलं थांब. आत्ता रोज १७ लोक परत जातायत, रील बघून अजून दहा जण पावणेआठलाच येणार, ते पण परत जाणार, आणि जो नवीन माणूस पहिल्याच दिवशी हात हलवत परत गेला तो दुसऱ्यांदा कशाला येईल? आईसारखी रोजची गिऱ्हाईकं अजून मागे ढकलली जातील ते वेगळंच. वर सूट, म्हणजे जे आपण देऊच शकत नाही ते स्वस्तात देण्याची जाहिरात.

शेवटी ठरलं, प्रमोशन करायचं पण गर्दी वाढवायला नाही, गर्दी हलवायला. सातच्या आत पाच पोळ्या घेतल्या की शेंगदाण्याच्या चटणीची एक पुडी फुकट. पुडी चार रुपयाला पडते. जे घरीच असतात, आजीआजोबा वगैरे, ते लवकर येतील, सात ते आठचा ताण कमी होईल.

२२ जानेवारी, बुधवार

तीन दिवस चटणीची स्कीम चालवली. सातच्या आत ३० च्या जागी रोज ४१ जण यायला लागले, आम्ही खूश. सात ते आठची गर्दी पण ५५ वरून ४४ वर आली. आणि परत गेलेले? सोमवारी १६, मंगळवारी १८, आज १७.

काहीच कमी नाही. घरी येऊन रात्री परत गणित केलं तेव्हा कळलं आणि इतकं साधं होतं की आधी कसं दिसलं नाही याचं वाईट वाटलं. मावश्या तासाला साधारण ८५ पोळ्या करतात. चार ते आठ म्हणजे ३४०, आणि आठच्या आत गिऱ्हाईकांना हव्यात ४२५. लवकर येणारे आजोबा पाच पोळ्या घेऊन गेले तर त्या पाच पोळ्या पावणेआठच्या डब्यातून कमी झाल्या, एवढंच. आम्ही फक्त परत कोण जाणार ते बदललं. आधी जो कोणी उशिरा यायचा तो परत जायचा, आता तर लोकलने दमून येणाराच परत जातोय आणि त्यासाठी आम्ही काकूंचे रोजचे ४१ पुड्यांचे १६४ रुपये घालवले. काकू काही बोलल्या नाहीत, पण मीच उद्यापासून स्कीम बंद करायला सांगितली.

असाइनमेंटमध्ये ही स्कीम आकड्यांसकट ठेवायची असं मी म्हटलं. मित्र नको म्हणत होता, मार्क जातील म्हणून. मैत्रीण माझ्या बाजूने.

२३ जानेवारी, गुरुवार

काकूंशी बसून पर्याय काढले. एक, तासभर आधी म्हणजे तीनला सुरू करायचं, ८५ पोळ्या जास्त होतील, गणितात अगदी चपखल. काकूंनी सरळ नाही सांगितलं. तीनची पोळी पावणेआठला द्यायची तर मग लोक माझ्याकडे का येतील?

दुसरा, किंमत वाढवायची. पुस्तक हेच सांगतं, मागणी जास्त पुरवठा कमी, मग ११ किंवा १२ करा. त्यासाठी मी कालपासून ओळीत उभ्या असलेल्या ३० जणांना एकच प्रश्न विचारला, आज इथे पोळी मिळाली नाही तर काय कराल? मला वाटलं होतं दुसऱ्या केंद्राचं नाव घेतील. फक्त ६ जणांनी घेतलं. १५ जण म्हणाले भात लावू, बाकीचे घरीच चार लाटू नाहीतर ब्रेड. म्हणजे काकूंची स्पर्धा मुख्यतः कुकरशी आहे. आणि बऱ्याच बायका म्हणाल्या की पोळ्यांना घरी बाई ठेवायचा विचार चाललाय, महिन्याचं गणित जमलं तर. रोज दहा पोळ्या नेणाऱ्या घराला एक रुपया वाढला की महिन्याला २६० रुपये, मग ते गणित लगेच करून बघणार. काकूंनी म्हणूनच आत्ता वाढवायचं नाही असं ठरवलंय, पीठ वाढेल तेव्हा वाढवू, तेव्हा लोकांना कारण पण दिसतं. मला हे पटलं. दहाच्या पटीत हिशोब तोंडी होतो हा भाग वेगळाच, चार पोळ्या ४४ रुपये म्हटलं की सुट्ट्यांसाठी ओळ थांबणार, सगळेच काही यूपीआय करत नाहीत.

तिसरा पर्याय काकूंनीच काढला. शेजारच्या चाळीतल्या एक मावशी संध्याकाळी दोन तास मोकळ्या असतात, त्यांना सहा ते आठ बोलवायचं. भाज्या पाचला होतात त्यामुळे तिसरी शेगडी तशीही रिकामीच. फक्त एक तवा आणि पोळपाट-लाटणं लागेल. मजुरी तीच, पोळीमागे अडीच रुपये, म्हणजे पोळी झाली नाही तर काकूंचा खर्च पण नाही.

२७ जानेवारी, सोमवार

तिसऱ्या मावशी आल्या. लाटणं-भाजणं दोन्ही एकटीने, तरी तासाला चाळीस. दोन तासांत ८० पोळ्या, जेवढा तुटवडा होता जवळजवळ तेवढ्याच.

आणि तरी आज ९ जण परत गेले! डब्यात पोळ्या होत्या, मी स्वतः बघितल्या. मग मोबाइलवर टायमर लावला. एका गिऱ्हाइकाला काकूंना सरासरी सव्वा मिनिट लागतं, पोळ्या मोजणं, भाजी तोलणं, पिशवीला गाठ, पैसे. तासाला ४८ जण. येणारे ५५. आधी पोळ्याच संपायच्या म्हणून ही अडचण मागे लपली होती. आता लोक ओळ बघून लांबूनच वळतायत. मित्राच्या रेघांमुळे हे कळलं, नाहीतर काउंटरवरून बघितलं तर सगळं मस्त चाललंय असंच वाटतं.

२८ जानेवारी, मंगळवार

आजपासून व्हॉट्सअॅपवर ऑर्डर. पाच वाजता काकूंच्या स्टेटसवर आजच्या भाज्या, मेसेज करा, पिशवी बांधून ठेवू. १४ ऑर्डर आल्या. त्यातल्या ५ जणांची लोकल लेट, कोणी नऊला आलं, कोणी आलंच नाही, २५ पोळ्या गार. मी म्हटलं आधी पैसे घेऊया, काकू म्हणाल्या, "रोजच्या माणसाकडून आधी पैसे मागायचे? नाही हं, ते मला जमणार नाही."

मग आईने जेवताना सहज सांगितलं की मी ठाण्याहून गाडी सुटली की तुला मेसेज करतेच ना, भात लाव म्हणून, तसंच काकूंना करेन. ठाण्याहून फास्ट लोकल निघाली की वीसेक मिनिटांत डोंबिवली, वर दहा मिनिटं चालत. बांधायला अर्धा तास हातात, आणि गाडी कुठे अडकली तर मेसेजच येत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

स्टेटस बदललं : 'ठाणे सुटलं की मेसेज करा, नाव आणि पोळ्या.' लोकांना लगेच कळलं, कोणालाच समजवावं लागलं नाही. १९ मेसेज आले, १८ जणांनी पिशव्या नेल्या. मैत्रीण काउंटरच्या बाजूला उभी राहून नावाच्या चिठ्ठ्या लावत होती, तयार पिशवी द्यायला वीस सेकंद पण लागत नाहीत. परत गेलेले २.

आमच्या मूळ आराखड्यात प्लेसखाली गाळ्याचा पत्ता लिहिला होता. आता लिहिलंय, ठाणे ते डोंबिवली लोकल आणि तिथून गाळ्यापर्यंतचा रस्ता, कारण खरेदी तिथेच ठरते. आणि प्रमोशनखाली रीलच्या जागी हे एका ओळीचं स्टेटस.

१ फेब्रुवारी, शनिवार, माघी गणेश जयंती

आज उपासाचा आणि प्रसादाचा दिवस, आकडे धरले नाहीत. बुधवार ते शुक्रवार तीन दिवसांची सरासरी काढली, रोज ४९० पोळ्या गेल्या, म्हणजे आधीपेक्षा ७५ जास्त, काकूंच्या हातात साधारण साडेतीनशे रुपये जास्तीचे. उरलेल्या पोळ्या २२ वरून ८-१० वर आल्या. पण तीनच दिवस आहेत आणि महिनाअखेर आहे, लोकांच्या हातात पैसे कमी असतात, तर पहिल्या आठवड्यात आकडा अजून हलेल असं लिहून ठेवलंय.

एक राहिलंय. मैत्रीण उद्यापासून काउंटरला नसणार. चिठ्ठ्या कोण लावणार? काकू म्हणतात तिसऱ्या मावशींना आठनंतर वेळ असेल तर बघू, पण काम सातला आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

फाइल दिली. व्हायव्हात मॅडमनी तेच विचारलं, मागणी जास्त आहे तर किंमत का नाही वाढवली. कुकरवाला मुद्दा सांगितला, २६० रुपयांचं गणित दाखवलं. चटणीच्या स्कीमचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं हे का ठेवलंत. मी म्हटलं मॅडम, हे केल्यामुळेच आम्हाला कळलं की अडचण गर्दीची नव्हती, पोळ्यांची होती.

संध्याकाळी काकूंना फाइलची झेरॉक्स द्यायला गेले. काउंटरवर त्यांचा अकरावीतला भाचा बसला होता, सात ते आठ एक तास येतो म्हणे, चिठ्ठ्या तोच लावतो. मागे कॅलेंडरवर संकष्टी-एकादशीच्या खुणांच्या खाली आता रोजच्या चौकोनात बारीक रेघा आहेत. कालच्या चौकोनात तीन. मी विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, "तीन गेले गं काल. एक तर तुझ्याच बिल्डिंगमधला होता, त्याला सांग आज ये, ठेवते म्हणावं."